साठ मिनिटांचा तास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तासाची साठ मिनिटे बाबिलोनी लोकांनी ठरवली, असे सर्रास सांगितले जाते. साठाने मोजण्याची रीत मेसोपोटेमियातली, हे खरे. पण साठ मिनिटांचा तास तिथे नव्हता. बाबिलोनी ज्योतिर्विद अहोरात्राचे बारा ‘बेरू’ करीत आणि एका बेरूचे तीस ‘उश’. म्हणजे दिवसाचे ३६० उश झाले आणि एक उश आजच्या चार मिनिटांएवढा पडला. चोवीस तासांची वाटणी वेगळ्याच देशातली, इजिप्तची. तिथे दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा भाग मानत. त्यामुळे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांबे, हिवाळ्यात आखडे.

साठाच्या उगमाबद्दल दोन कथा फार चालतात. वर्षाचे दिवस सुमारे ३६० म्हणून साठ, ही एक. चार बोटांची बारा पेरे एका हातावर आणि पाच बोटे दुसऱ्या हातावर मोजून बारा पंचे साठ, ही दुसरी. दोन्ही ऐकायला पटतात, पण मेसोपोटेमियातल्या लेखांत त्यांना आधार सापडत नाही. सापडते ते असे : आजच्या दक्षिण इराकमधल्या उरुक नगरात, इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीस, हिशेबनीस ओल्या मातीच्या पाट्यांवर आकडे उमटवत. जनावरे, माणसे अशा सुट्या गोष्टी मोजताना त्यांची चिन्हे १, १०, ६०, ६०० आणि ३६०० यांची होती. दहापट, मग सहापट, पुन्हा दहापट, पुन्हा सहापट. धान्याच्या मापांसाठी तेच लोक निराळ्या चढणीची चिन्हे वापरत. तेव्हा कुणा एका गणितीने विचारपूर्वक साठ हा आकडा निवडला, हेही मानता येत नाही. साठ हा व्यवहारातल्या अनेक मोजण्यांपैकी एकीत आपोआप बसलेला टप्पा होता.

या टप्प्याला खरे बळ आले ते इ.स.पू. २००० च्या आसपास, जेव्हा आकड्याची किंमत त्याच्या स्थानावरून ठरू लागली. एकासाठी उभा ठसा आणि दहासाठी तिरका, एवढ्या दोनच खुणांनी १ ते ५९ लिहायचे. डावीकडचे स्थान साठपट, उजवीकडचे साठावा भाग. येल विद्यापीठातली तळहातावर मावणारी एक पाटी ही रीत स्पष्ट दाखवते. तिच्यावर चौरस आणि त्याचे कर्ण कोरले आहेत. बाजूवर ३०, कर्णावर १, २४, ५१, १०. म्हणजे एक, अधिक २४ साठांश, अधिक ५१ छत्तीसशांश, अधिक त्याहून साठपट बारीक असे १० भाग. बेरीज १.४१४२१३ येते, दोनच्या वर्गमुळाशी ती पाच दशांश स्थळांपर्यंत जुळते. तिला तीसने गुणले की खाली लिहिलेला कर्ण मिळतो : ४२, २५, ३५. या रीतीत एक उणीव होती. शून्य नसल्याने १ आणि ६० सारखेच दिसत, आणि वाचणाऱ्याला संदर्भावरून ओळखावे लागे.

साठाला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा यांनी निःशेष भाग जातो. हा गुण साठाच्या जन्माचे कारण ठरत नाही, पण तो टिकला याचे कारण नक्की आहे. आठाने भागायचे तर लेखनिक व्यस्तांकांच्या कोष्टकात आठासमोरचे ७, ३० पाहून गुणाकार करी : २० ला साडेसाताने गुणले की १५०, त्याचे साठांश अडीच. कोष्टकांत सात बहुधा गाळलेला असे, कारण साठाच्या घरात सातचा भागाकार संपत नाही.

बाबिलोनी निरीक्षणे ग्रीक ज्योतिर्विदांकडे गेली आणि त्यांच्यासोबत ही अपूर्णांकांची रीतही. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने इ.स. १५० च्या सुमारास अंशाचे साठ भाग आणि त्या भागाचे पुन्हा साठ भाग करून कोन मोजले. हीच वाटणी पुढे तासाला लागली. इ.स. १००० च्या सुमारास ज्योतिर्विद अल्-बिरूनीने तासाचे साठ-साठ भाग सेकंदांच्याही खाली नेले. पंचांगातली घटी-पळे याहून वेगळी आहेत : तिथे साठ भाग तासाचे नसून अहोरात्राचे, म्हणून अडीच घटिकांचा एक तास होतो.

लोकांच्या रोजच्या व्यवहारात मिनिट मात्र उशिरा आले. युरोपातल्या सुरुवातीच्या यांत्रिक घड्याळांना बहुधा फक्त तासकाटा असे. डच शास्त्रज्ञ ह्युगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ केले. त्यानंतर अचूकता वाढली आणि मिनिटकाटा सर्वत्र दिसू लागला. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९३ मध्ये दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास हा कायदा केला, पण १७९५ मध्ये त्याची सक्ती मागे घेतली. सेकंदाच्या खाली मात्र दशमानाचाच जम बसला : धावपटूची वेळ आज शंभरांश सेकंदांत मोजतात, साठांशांत नाही.