विमानतळ कोणता?

मामेभावाचं बऱ्हाणपुरात छोटं लॉज आहे. एका सकाळी त्याने फोनवर एक ईमेल पुढे पाठवला. "ताई, रशियनमध्ये आहे. तू रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकली होतीस ना? बघ बरं काय म्हणतात."

पत्र सात ओळींचं होतं. जानेवारीत तीन रात्री, आईवडील आणि पाच व अकरा वर्षांची दोन मुलं. त्यांना असीरगड पाहायचा होता. खोल्या कोणत्या प्रकारच्या आहेत, नाश्ता धरलेला आहे का आणि विमानतळावरून न्यायला गाडी मिळेल का, एवढेच प्रश्न. पुण्यात शिकलेली भाषा बरीच पुसट झाली होती, तरी हे वाचता आलं. अडचण आली ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची.

'नोमेर' म्हणजे हॉटेलची खोली. भावाला वाटलं खोलीचा नंबर विचारतात. 'ल्यूक्स' ऐकून त्याला आपल्या डिलक्स खोल्या आठवल्या, पण रशियनमध्ये तो शब्द बसायची जागा वेगळी असलेल्या मोठ्या सूटसाठी वापरतात. आपल्याकडे डिलक्स म्हणजे एसी आणि टीव्ही. 'ल्यूक्स आहे' असं कळवलं असतं तर पाहुण्यांनी दोन दालनांची अपेक्षा केली असती. म्हणून उत्तरात मी नावं लिहिलीच नाहीत. खोलीत काय आहे तेच लिहिलं: एक खोली, एक मोठा पलंग, एसी, गरम पाणी. चौघांसाठी शेजारशेजारच्या दोन खोल्या. एकाच खोलीत राहायचं असेल तर मुलांसाठी जमिनीवर गाद्या टाकू, हेही स्पष्ट लिहिलं. 'जादा जागा' एवढंच कळवलं असतं तर त्यांनी ती पलंगावर धरली असती.

नाश्त्याचा शब्द 'ज़ाव्त्राक'; त्याच्या पोटात 'ज़ाव्त्रा' म्हणजे उद्या दडलेला आहे, त्यामुळे घाईत वाचणारा फसतो. नाश्त्याला पोहे, जिलेबी, चहा. भावाचं स्वयंपाकघर शाकाहारी, अंडं मिळत नाही. हे आधीच सांगणं मला फार गरजेचं वाटलं, कारण रशियन घरात सकाळी मुलांपुढे ऑम्लेट किंवा दुधातली लापशी येते. अंडं नाही, पण दुधातला दलिया करून देऊ आणि तिखट वेगळं ठेवू, असं लिहिलं. वहिनी लगेच कबूल झाली.

खरा पेच गाडीचा. पत्रात 'विमानतळावरून' एवढंच होतं, विमानतळाचं नाव नव्हतं. समुद्रकाठच्या हॉटेलला असं पत्र आलं तर ते चालतं. इथे चालत नाही. इंदूरहून बऱ्हाणपूर साधारण १८० किलोमीटर. सिमरोलचा घाट, मोरटक्क्याजवळ नर्मदेवरचा पूल, मग खंडवा. वाहतूक मोकळी असली तरी चारेक तास सहज जातात. शिवाय याच रस्त्यावर बऱ्हाणपूरच्या सुमारे २० किलोमीटर अलीकडे असीरगड येतो, म्हणजे इंदूरहून येणाऱ्याला गड आधी लागतो आणि लॉज नंतर. ते मुंबईत उतरणार असतील तर मात्र इंदूरला जायचं कारणच नाही. मुंबई-भुसावळ-खंडवा या मुख्य मार्गावर बऱ्हाणपूर स्टेशन आहे, रात्रीची गाडी पकडली की सकाळी दारात.

म्हणून उत्तराची पहिली ओळच प्रश्नाची ठेवली: कोणत्या विमानतळावर, कोणत्या तारखेला आणि किती वाजता उतरणार? त्याखाली दोन्ही वाटा, अंतर, वेळ आणि गाडीचं भाडं. मुलांच्या आसनाबद्दलही एक ओळ घातली. रशियात सात वर्षांखालच्या मुलाला गाडीत वेगळं आसन बंधनकारक आहे. भावाच्या ओळखीच्या टॅक्सीवाल्याकडे ते नाही. नाही, असंच लिहिलं. मग त्यांना वाटलं तर ते बरोबर आणतील.

भाऊ म्हणाला, "ॲडव्हान्स मागून घे." त्यावर मी अडले. मार्च २०२२ पासून रशियन बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड देशाबाहेर चालत नाहीत. ऑनलाइन आगाऊ रक्कम मागणं म्हणजे त्यांना बाहेरूनच परत पाठवणं. तेव्हा आल्यावर रोख रुपये, असं ठरलं.

त्याऐवजी चौघांच्या पासपोर्ट-व्हिशाच्या प्रती आधी मागवल्या. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांच्या आत लॉजवाल्याला त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, मुलांचीही. ती भरताना अडेल असा आणखी एक शब्द होता: रशियनमध्ये 'फामीलिया' म्हणजे कुटुंब नव्हे, आडनाव. आणि बाईच्या आडनावाला सहसा शेवटी 'आ' लागतो. नवरा इवानोव, बायको इवानोवा. दोन आडनावं वेगळी दिसली म्हणून भावाने गोंधळून जाऊ नये, म्हणून त्याच्या वहीत ते लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते मुंबईत उतरणार होते, इंदूरचा विचार त्यांनी केलाच नव्हता. दोन खोल्या हव्यात, रेल्वेने येऊ, स्टेशनवर कुणी नावाची पाटी घेऊन उभं राहील का, असं विचारलं होतं.

पाटी भावाच्या मुलाने केली. रशियन अक्षरं मी लिहून पाठवली होती, त्याने ती मोठ्या कागदावर काळ्या स्केचपेनने उतरवली.