सोल्डरिंगविना कीबोर्डचे स्विच बदलताना

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक कळीखाली एक स्वतंत्र स्विच असतो. त्याच्या तळातून धातूच्या दोन छोट्या पिना बाहेर आलेल्या असतात. कळ दाबली की स्विचमधल्या पत्र्या एकमेकींना टेकतात, दोन पिनांमधले मंडल पूर्ण होते आणि कोणती कळ दाबली गेली हे कीबोर्डमधल्या नियंत्रक चिपला कळते. जुन्या पद्धतीच्या कीबोर्डमध्ये या पिना पीसीबीच्या छिद्रांतून ओवून मागच्या बाजूने सोल्डर केलेल्या असतात. असा एक स्विच बदलायचा तर कीबोर्ड पूर्ण खोलावा लागतो, दोन्ही सांधे तापवून सोल्डर शोषून घ्यावे लागते आणि मगच स्विच सुटतो. 87 कळांच्या कीबोर्डचे सगळे स्विच बदलायचे म्हटले तर असे 174 सांधे होतात. शिवाय एखाद्या सांध्याला उष्णता जास्त वेळ मिळाली, तर त्याखालचा तांब्याचा पातळ थर पीसीबीपासून सुटतो आणि ती कळ कायमची मुकी होते.

हॉट-स्वॅप सॉकेट ही अडचण कारखान्यातच सोडवते. पीसीबीवर सोल्डर केले जाते ते स्विचला नव्हे, तर त्याच्या पिना धरणाऱ्या सॉकेटला. भिंतीवरच्या विजेच्या सॉकेटची जोडणी कायमची असते आणि त्यात प्लग हवा तेव्हा घालता-काढता येतो, तशीच ही व्यवस्था. काइल आणि गेटरॉन या चिनी कंपन्यांची सॉकेटे आज सर्वाधिक आढळतात. पीसीबीच्या मागच्या बाजूला बसवलेला तो प्लास्टिकचा एक चपटा तुकडा असतो. त्याच्या दोन टोकांना धातूच्या पट्ट्या असतात आणि त्या पीसीबीवरच्या तांब्याच्या दोन ठिपक्यांना सोल्डर केलेल्या असतात. आत दोन छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्रात स्प्रिंगसारखी लवचीक पत्री असते. स्विच वरून दाबला की त्याची पिन या पत्रीत घट्ट धरली जाते. वीज वाहण्यासाठी तेवढी पकड पुरेशी असते.

या रचनेतली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचे बहुतेक बिघाड तिच्याशी जोडलेले आहेत. स्विच वरून आत जातो आणि सॉकेट खाली, पीसीबीच्या पाठीला चिकटलेले असते. म्हणजे स्विच दाबताना पिना सॉकेटला पीसीबीपासून दूर ढकलत असतात आणि तो सगळा जोर सोल्डरच्या दोन सांध्यांवर येतो. स्विच काढताना उलट घडते. सॉकेट पीसीबीकडेच ओढले जाते आणि सांध्यांना इजा होत नाही. अनेक जण स्विच उपटताना घाबरतात आणि बसवताना बिनधास्त अंगठा दाबतात. खरी काळजी घ्यायची ती बसवताना.

स्विच विकत घेण्याआधी तो आपल्या कीबोर्डला चालेल की नाही, हे पाहावे लागते. चेरी या जर्मन कंपनीने 1980च्या दशकात आणलेल्या एमएक्स स्विचचा आकार आज जवळपास प्रमाण मानला जातो आणि गेटरॉन, काइल, आउटेमू यांचे बहुतेक नेहमीच्या उंचीचे स्विच त्याच मापाचे असतात. मात्र ते दोन प्रकारांत मिळतात. एकाच्या तळाला धातूच्या दोन पिना आणि मधला प्लास्टिकचा जाड खुंट एवढेच असते. याला थ्री-पिन म्हणतात. दुसऱ्यात खुंटाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे आणखी दोन बारीक पाय असतात, तो फाइव्ह-पिन. पीसीबीवर या जादा पायांसाठी छिद्रे असतील तर दोन्ही प्रकार बसतात. नसतील, तर फाइव्ह-पिन स्विचचे ते दोन प्लास्टिकचे पाय कटरने तळाशी सपाट कापून टाकता येतात. स्विचच्या कामात त्याने काही फरक पडत नाही, कारण ते पाय फक्त स्विच सरळ धरण्यासाठी असतात. कापताना धातूच्या पिनेला धक्का लागू देऊ नये, एवढेच.

मात्र कमी उंचीचे लो-प्रोफाइल स्विच, प्रकाशकिरणावर चालणारे ऑप्टिकल स्विच आणि चुंबकीय स्विच नेहमीच्या एमएक्स सॉकेटमध्ये चालत नाहीत. काही जुन्या, स्वस्त कीबोर्डमध्ये फक्त आउटेमूच्या बारीक पिनांसाठी बनवलेली सॉकेटे असतात. त्यांत इतर कंपन्यांचे स्विच जोर लावूनही नीट बसत नाहीत आणि तसा जोर लावूही नये. काही कंपन्या एकाच नावाचा कीबोर्ड हॉट-स्वॅप आणि सोल्डर केलेला अशा दोन्ही आवृत्त्यांत विकतात. त्यामुळे खोक्यावरची नोंद वाचून मगच स्विचला हात लावावा. सोल्डर केलेला स्विच चिमट्याने उपटला, तर तो पीसीबीचे तांबेही सोबत घेऊन येतो.

स्विच बदलण्याची गरज नेमकी कशी येते, हे मराठी टंकलेखनाच्या उदाहरणातून पाहता येते. इन्स्क्रिप्ट पद्धतीत काना E या कळीवर असतो, त्यामुळे मराठी टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डवर ही कळ भरपूर झिजते. स्विचमधल्या पत्र्या झिजल्या किंवा त्यांवर धूळ बसली की एकदा दाबल्यावर त्या क्षणभर थरथरतात आणि संगणकाला दोन ठोके मिळतात. मग ‘काम’ लिहिताना ‘क’ला दोन काने लागतात आणि दुसऱ्या कान्याला आधाराचे अक्षर न मिळाल्याने पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. या दोषाला चॅटरिंग म्हणतात. दोष स्विचमध्ये आहे की पीसीबीत, हे हॉट-स्वॅप कीबोर्डवर नवा स्विच न घेताही ठरवता येते. E खालचा स्विच काढून क्वचित वापरल्या जाणाऱ्या Pause कळीखाली बसवायचा आणि तिथला E खाली आणायचा. दुहेरी ठोके आता Pause कळीवर पडू लागले, तर स्विच खराब. ते E वरच राहिले, तर सॉकेट किंवा पीसीबी तपासायला हवे.

काम सुरू करण्यापूर्वी केबल काढावी. बिनतारी कीबोर्ड असेल तर त्याचा खटका बंद करावा. नावात ‘हॉट’ असले आणि सॉकेटमधली वीज अगदी थोडी असली, तरी चालू कीबोर्डवर काम करताना भलत्या कळांचे ठोके संगणकात जातात आणि उघड्या फायलीची नासधूस होऊ शकते. अनेक कळा काढायच्या असतील तर आधी एक फोटो काढून ठेवावा. तारेच्या पुलरने कीकॅप सरळ वर ओढून काढावी. आता स्विच दिसतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला, म्हणजे टाइप करणाऱ्याच्या समोरच्या व जवळच्या बाजूला, एकेक छोटी खाच असते. तिथल्या प्लास्टिकच्या आकड्यांनी स्विच धातूच्या किंवा प्लास्टिकच्या प्लेटमध्ये अडकलेला असतो. स्विच-पुलरची दोन टोके या खाचांत खोलवर घालून दाबली की आकडे आत जातात आणि स्विच सरळ वर उचलता येतो. कारखान्यात बसवलेला स्विच पहिल्यांदा बराच घट्ट लागतो. अशा वेळी पुढेमागे किंचित हलवत उचलावा, एका बाजूला कलता करून उपटू नये. पुलर वरवर लागला, तर फक्त स्विचचे झाकण निघते आणि आतली स्प्रिंग उडून जाते.

नवा स्विच हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्याच्या पिना पाहाव्यात. पाकिटात एकमेकांवर आपटून त्या बहुतेक वेळा थोड्या वाकलेल्याच असतात. नखाने किंवा बारीक चिमट्याने त्या सरळ कराव्यात. मग पीसीबीवरची दोन छिद्रे आणि पिना एकाच बाजूला येतील असा स्विच धरावा. काही कीबोर्डवर पिना टाइप करणाऱ्याच्या बाजूला येतात, काहींवर पलीकडे. स्विच प्लेटच्या चौकोनात सपाट टेकवून, दोन्ही पिना छिद्रांच्या तोंडाशी आल्याची खात्री झाली की अंगठ्याने मधोमध सरळ दाब द्यावा. दोन्ही आकडे ‘टक’ असा आवाज करून अडकतात. कीबोर्ड खोललेला असेल, तर दाबताना मागून सॉकेटला दुसऱ्या हाताच्या बोटाने आधार द्यावा. बंद कीबोर्डवर हे शक्य नसते, म्हणूनच आत जायला अडणारा स्विच आणखी जोराने दाबू नये. तो काढून पिना पुन्हा पाहाव्यात.

स्विच बसल्यावर कीकॅप लावण्याआधीच केबल जोडून तो तपासणे शहाणपणाचे. तपासताना भाषा इंग्रजी ठेवावी, म्हणजे एका दाबाला एकच अक्षर उमटते की नाही हे लगेच दिसते. कळ मुकी असेल तर दहापैकी नऊ वेळा पिन छिद्रात न जाता स्विचच्या तळाखाली दुमडलेली असते. स्विच काढल्यावर ती आडवी झालेली दिसते. तिला हळूच सरळ केले की बहुतेक वेळा ती पुन्हा कामाला येते. दोन-तीनदा वाकली तर मात्र मुळाशी तुटते. पिना सरळ असूनही कळ चालत नसेल, तर कीबोर्ड चालू ठेवून त्या सॉकेटच्या दोन्ही छिद्रांतल्या धातूला छोट्या चिमट्याच्या दोन टोकांनी एकाच वेळी स्पर्श करावा. अक्षर उमटले तर पीसीबी ठीक आहे आणि स्विचच खराब आहे. एकच कळ नव्हे, तर पूर्ण आडवी किंवा उभी रांग मुकी झाली असेल, तर स्विच बदलून उपयोग होत नाही. कळा रांगांच्या जाळीने चिपशी जोडलेल्या असतात आणि दोष त्या जाळीच्या एखाद्या तारेत असतो.

सॉकेटलाही आयुष्य असते. काइलच्या सॉकेटचे माप साधारण 100 वेळा घालणे-काढणे असे दिले जाते. एखाद्या कळीचा स्विच वर्षातून एकदा बदलणाऱ्याला हे अपुरे पडायचे नाही, पण दर आठवड्याला नवे स्विच चाखून पाहणाऱ्याच्या कीबोर्डवर पत्र्या सैल होऊन कळा अधूनमधून गप्प राहू लागतात. चिमट्याने स्पर्श करूनही अक्षर उमटत नसेल, तर कीबोर्ड खोलून मागची बाजू पाहावी लागते. सॉकेट तिरके झालेले, पीसीबीपासून उचललेले किंवा बोटाने हलणारे दिसले, तर त्याचा सांधा सुटलेला आहे. तांब्याचा ठिपका शाबूत असेल, तर मोबाइल दुरुस्त करणारा चांगला कारागीर सॉकेट पुन्हा सोल्डर करून देतो. ठिपकाच उखडला असेल, तर सॉकेटच्या पट्टीपासून त्याच रांगेतल्या पुढच्या जोडणीपर्यंत बारीक तार जोडावी लागते.