अनुभवी ऑपरेटर पाहिजे

भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं मशीन शॉप डोळ्यांसमोर आणा. व्हीएमसी सेटर सोडून गेलाय. मालकाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: ‘व्हीएमसी ऑपरेटर पाहिजे. अनुभवी. आकर्षक पगार.’ संध्याकाळपर्यंत फोनवर फोन. नुसती सायकल स्टार्ट दाबणारे, मशीन कधी न पाहिलेले डिग्री इंजिनिअर, ‘हेल्पर चालेल का?’ विचारणारे. कामावर असलेला चांगला सेटर मात्र फोन करत नाही. ‘आकर्षक’ म्हणजे किती, हे न कळता तो अर्धा दिवस कशाला बुडवेल?

हीच जाहिरात अशी लिहून पाहा: ‘व्हीएमसी सेटर हवा. ड्रॉइंग वाचून जॉब स्वतः सेट करता आला पाहिजे, ऑफसेट घेता आला पाहिजे. फॅनुक कंट्रोल. प्रोग्रामिंग येत नसेल तर शिकवू. पीएफ कापून हातात 24 ते 27 हजार. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सुट्टी गुरुवारी. कंपनीची बस नाही.’

शेवटची वाक्यं मालकांना लिहाविशी वाटत नाहीत. रात्रपाळी वाचून माणूस पळेल, ही भीती. पण तो मुलाखतीत ऐकूनही पळणारच आहे, किंवा रुजू होऊन पंधरा दिवसांनी. आधी पळालेला परवडला.

‘शिकवू’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. अटींची यादी वाढली की प्रामाणिक माणूस एखादी गोष्ट येत नाही म्हणून मागे हटतो. फेकू माणूस सगळ्याला हो म्हणतो. म्हणून पहिल्या दिवशी ज्यावाचून अडेल, तेवढंच अट म्हणून लिहावं.

मग खाली एक छोटा प्रश्न: ‘ड्रॉइंगवर 25 एच 7 बोअर आहे. तो कशाने तपासाल? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेजने पाठवा.’ एच 7 म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंटच 0.02, म्हणजे जवळजवळ सगळी सूट त्यातच गेली. ‘प्लग गेज’ किंवा ‘बोअर गेज’ म्हणणाऱ्याला लगेच बोलवा. ‘व्हर्नियर’ म्हणणारा ऑपरेटर म्हणून चालेल, सेटर म्हणून नाही. ज्याला प्रश्नच कळत नाही, तो बहुधा उत्तर पाठवायच्या फंदात पडत नाही. व्हॉइस मेसेज यासाठी, की हाताने उत्तम काम करणाऱ्या कित्येकांना टाइप करायचा कंटाळा असतो. मात्र प्रश्न एकच ठेवा. नोकरी असलेला माणूस पेपर सोडवत बसत नाही.

जाहिरात टूल-इन्सर्ट विकणाऱ्याच्या दुकानात आणि आपल्याच कामगारांच्या फोनवर आधी जाऊ द्या.

आठवडाभर एकही उत्तर आलं नाही, तर अटी किंवा पगार यांत गडबड आहे. उत्तरं बरोबर येतात पण माणसं मुलाखतीनंतर गायब होतात, तर शॉपवर आल्यावर त्यांना असं काय दिसलं, जे जाहिरातीत नव्हतं, ते आपल्याच पोरांना विचारा.