अडलेला शब्द कोशात कसा शोधावा

नव्या वर्गातल्या मुलांनो,

ग्रंथालयाच्या तासाला तुमच्यापैकी बरेच जण कोश उघडतात, दोन-चार पाने मागेपुढे करतात आणि ‘हा शब्द यात नाही’ म्हणून मिटतात. शब्द बहुतेक वेळा त्यात असतो, फक्त वाक्यात जसा दिसतो तसा तिथे छापलेला नसतो. म्हणून आपल्या ग्रंथालयात शब्द पाहायची रीत तीन पायऱ्यांची आहे: आधी वाक्यातून अंदाज, मग शब्दाचे मूळ रूप आणि शेवटी कोश. ही रीत एका वाक्यावर करून दाखवते. वाक्य मी सरावासाठी रचले आहे, पण इतिहासाच्या पुस्तकांत या धाटणीची वाक्ये तुम्हाला पुष्कळ भेटतील.

‘दुष्काळात ओस पडलेल्या गावात, दिवाणाच्या कौलावर विसंबून, कुळे परतली, तो कौल तीन वर्षांचा होता.’

अडलेला शब्द ‘कौल’. कोशाकडे हात नेण्याआधी वाक्य पुन्हा वाचा आणि वहीत पेन्सिलीने एक ओळ लिहा: मला काय वाटते? काही जण ‘छपराचे कौल’ लिहितात, आणि परतलेल्या लोकांनी घरे शाकारली असतील असे त्याचे समर्थनही करतात. आपण हैदराबादेत राहतो, त्यामुळे काहींना दुसरी वाट सापडते. तेलुगू बातम्यांत ‘कौलू रैतू’ रोज ऐकू येतो. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी तो. उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडे ‘कौल’ म्हणजे दिलेला शब्द, वचन. हे सगळे लिहून ठेवा. मात्र तो अंदाजच समजा, कारण शेजारच्या भाषा जशी वाट दाखवतात तशी चुकवतातही. हिंदीच्या तासाला ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. मराठीत आणि तेलुगूत तोच शब्द दंडासाठी आहे. अंदाज लिहिला असला की कोशातल्या चार अर्थांपुढे तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहत नाही.

दुसऱ्या पायरीवर सर्वांत जास्त मुले अडतात, म्हणून तिथे जरा थांबू. ‘कौलावर’ हा शब्द कोणत्याही कोशात मिळणार नाही. ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय काढले की ‘कौला’ उरते, तेही मूळ रूप नव्हे. मराठीत प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्याआधी शब्दाचे सामान्यरूप होते आणि कोश सामान्यरूप छापत नाही. शेवटचा ‘आ’ काढा, ‘कौल’ मिळेल.

‘कुळे’ हा याहून फसवा आहे. ‘ए’ काढला की ‘कुळ’ उरते, मुले ‘कु’च्या पानांवर शोधतात आणि बऱ्याच कोशांत ते तिथे सापडत नाही. मूळ शब्द ‘कूळ’, दीर्घ ऊकाराचा. मराठी शब्दातला शेवटून दुसरा ई किंवा ऊ प्रत्यय लागताना सहसा ऱ्हस्व होतो: मूल–मुलाला, दूध–दुधात, विहीर–विहिरीत. तेव्हा ऱ्हस्व पानावर शब्द सापडला नाही तर दीर्घ पानावर जा. कोशात ‘कू’ची पाने ‘कु’ संपल्यावर येतात, मध्ये पुष्कळ शब्द असतात. ‘कौ’ तर त्याहून पुढे, ‘को’च्या नंतर आणि ‘क्य’, ‘क्र’ यांसारख्या जोडाक्षरांच्या आधी.

‘विसंबून’ हे क्रियापद. क्रियापदे ‘णे’ लावून छापलेली असतात, म्हणून ‘विसंबणे’ पाहा. काही क्रियापदे ओळखू येऊ नयेत इतकी बदलतात: ‘गेला’ पाहायचा तो ‘जाणे’मध्ये, ‘आला’ पाहायचा तो ‘येणे’मध्ये. अशी थोडीच आहेत, ती पाठ करून टाका.

जुन्या कोशात आणखी एक अडचण येते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची, आणि दाते-कर्वे प्रभृतींच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग 1932 ते 1938 या काळातले. उच्चारात नसलेले अनुस्वार शुद्धलेखनाच्या नियमांनी 1962 साली गेले, म्हणून या कोशांत ‘विसंबणे’च्या ‘णे’वरही अनुस्वार दिसेल. तो छापण्याचा दोष नाही. जिथे अनुस्वार उच्चारात आहे असे शब्द सर्व कोशांत एकाच जागी नसतात: काहींत त्या अक्षराच्या आरंभी असतात, काहींत अनुनासिकाच्या जागी. एका ठिकाणी नसेल तर दुसरे ठिकाण पाहायचे, नाहीतर प्रस्तावनेतला अक्षरक्रम वाचायचा. प्रस्तावना कोणी वाचत नाही, पण हे उत्तर तिथेच असते.

आता तिसरी पायरी. ‘कौल’पाशी बोट ठेवलेत की पहिला अर्थ उतरवून घेऊ नका. आधी शब्दापुढचे आखूड अक्षर पाहा: पु., स्त्री. किंवा न. छपराचे कौल नपुंसकलिंगी आहे, आपण ‘ते कौल’ म्हणतो. आपल्या वाक्यात ‘तो कौल तीन वर्षांचा होता’ असे आहे, म्हणजे शब्द पुल्लिंगी. घरे शाकारण्याचा अंदाज इथेच गळाला, तोही एका अक्षराने. ‘कौलावर’ या रूपावरून हे कळले नसते, कारण दोन्ही लिंगांचे सामान्यरूप सारखेच होते. म्हणून अडलेल्या शब्दाआधीचे आणि नंतरचे वाक्यही वाचायचे.

पुल्लिंगी ‘कौल’चेही अर्थ अनेक. देवाला लावतात तो कौल, मतदार देतात तो कौल, आणि सरकारने रयतेला दिलेले अभयाचे किंवा कराराचे वचन. प्रत्येक अर्थ वाक्यात ठेवून पाहा. देवाचा कौल तीन वर्षांचा कशाला असेल? मतदारांचा कौल त्या काळात कुठून येणार? उरला करार. ओसाड जमीन पुन्हा लागवडीला यावी म्हणून पहिल्या वर्षी थोडा सारा आणि पुढे दरवर्षी वाढत पूर्ण दरापर्यंत, असा इस्ताव्याचा कौल दिला जाई. ‘दुष्काळात ओस पडलेले गाव’ आणि ‘तीन वर्षांचा’ हे दोन्ही तुकडे आता नीट बसतात. तेलुगूतला ‘कौलू’ आणि उर्दूतले वचन हे अंदाज जवळचे होते. मूळ अरबी शब्द तिन्हींकडे एकच.

‘कूळ’च्या बाबतीत लिंगाची मदत होत नाही. वंश या अर्थाने आणि जमीन कसणारा या अर्थाने ते नपुंसकलिंगीच आहे. तिथे निवाडा फक्त वाक्य करते: करारावर विसंबून परतणारा वंश नसतो, कसणारा असतो.

या रीतीला मर्यादा आहे. वाक्प्रचाराचा अर्थ एकेका शब्दावरून लागत नाही. ‘कौल लावणे’ हे ‘लावणे’खाली शोधू नका, ‘कौल’खाली पाहा. तिथेही नसेल तर दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ पाहा. गावांची नावे आणि माणसांची आडनावे शब्दकोशात शोधण्यात वेळ घालवू नका.

घरी कोश नसेल तर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. तिथे मात्र शब्द मूळ रूपातच टाइप करा. ‘कौलावर’ टाकून काही हाती येणार नाही.

ग्रंथालयातले कोश घरी नेता येत नाहीत. मधल्या सुट्टीत खिडकीजवळच्या टेबलावर बसून पाहा आणि येताना वहीतला पेन्सिलीचा अंदाज घेऊन या. तो खोडू नका, त्याच्याखालीच कोशातला अर्थ लिहा.