सीझियममधलं ‘युरेनियम’

गेल्या वर्षी एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला एका मुलीनं जर्नलमध्ये निष्कर्ष लिहिला : ‘सोर्समध्ये युरेनियमची भेसळ आहे.’ सोर्स होता सीझियम-१३७ चा, शर्टाच्या बटणाहून थोडी मोठी प्लास्टिकची चकती. मला हसू आलं, पण चूक आळशी मुलाची नव्हती. तिच्या आलेखात १८५ केईव्हीच्या आसपास खरोखरच ठसठशीत उंचवटा होता, आणि तक्त्यात पाहिलं तर युरेनियम-२३५ ची रेषा बरोबर १८५.७ वर आहे. (केईव्ही म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, गॅमा किरणांच्या ऊर्जेचं आमचं रोजचं माप.) तिनं तक्ता नीट वाचला होता. आलेख वाचायचा राहिला होता.

आमच्याकडचा डिटेक्टर साधा, सोडियम आयोडाइडचा. दोन इंची स्फटिक, त्यात किंचित थॅलियम. गॅमा फोटॉननं आत ऊर्जा टाकली की स्फटिक मिणमिणतो, मागची फोटोमल्टिप्लायर नळी त्या उजेडाची विजेची पल्स करते आणि एमसीए प्रत्येक पल्सची उंची मोजून ती आपापल्या चॅनेलमध्ये टाकतो. वखारीत आंबे आकारानुसार वेगवेगळ्या पेट्यांत टाकतात, तसंच. पडद्यावर दिसतो तो आलेख म्हणजे कुठल्या पेटीत किती आंबे पडले याची मोजदाद.

सगळी मेख इथेच आहे. पल्सची उंची फोटॉनकडे किती ऊर्जा होती हे सांगत नाही, त्यानं स्फटिकात किती टाकली एवढंच सांगते. सीझियमच्या चकतीतून येणाऱ्या गॅमाची ऊर्जा एकच असते, ६६२ केईव्ही. तरीही आलेखात डोंगर, उतार, टेकडी असं सगळं दिसतं, कारण प्रत्येक फोटॉन आपली सगळी पुंजी स्फटिकात ठेवून जातोच असं नाही.

जो सगळी ठेवून जातो, तो फोटोपीकमध्ये मोजला जातो. उजवीकडचा उंच डोंगर तो. आमच्या यंत्रावर तो ३३१ व्या चॅनेलवर येतो, म्हणजे एका चॅनेलला दोन केईव्ही. ऊर्जा एकच असूनही डोंगर रुंद असतो, कारण नळीच्या तोंडाशी दर वेळी तेवढेच इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, थोडे कमीजास्त होतात. अर्ध्या उंचीवर रुंदी ४६ केईव्हीच्या आसपास, सुमारे सात टक्के आली, तर स्फटिक धडधाकट समजायचा. दुपारी खोली तापली की हा डोंगर दोन-चार चॅनेल सरकतो. तेव्हा सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी वापरू नये.

फोटोपीकच्या डावीकडे आधी एक दरी लागते आणि मग लांबलचक पठार. फोटॉन एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकतो, थोडी ऊर्जा त्याला देतो आणि उरलेली घेऊन स्फटिकाबाहेर निघून जातो, तेव्हा हे पठार भरतं. आर्थर कॉम्प्टननं १९२३ मध्ये उलगडलेली टक्कर ती हीच. कॅरमची उपमा इथे अर्धीच चालते. स्ट्रायकर आणि सोंगटी सारख्याच वजनाची असती, तर समोरासमोरच्या टकरीत स्ट्रायकर सगळा वेग देऊन जागीच थांबला असता. फोटॉनला थांबणं ठाऊक नाही. समोरासमोर आदळून उलट्या पावली परतला तरी थोडी ऊर्जा त्याच्याकडे उरतेच. म्हणून इलेक्ट्रॉनला मिळणाऱ्या ऊर्जेला वरची हद्द असते, आणि पठार जिथे कोसळतं तो कडा म्हणजे कॉम्प्टन एज. सूत्र सोपं आहे :

E_c = 2E² / (511 + 2E)

E च्या जागी ६६२ घातले की ४७८ येतात, म्हणजे आमच्या पडद्यावर २३९ वं चॅनेल. प्रत्यक्षात कडा उभा दिसत नाही, जी रुंदी फोटोपीकला असते तीच त्यालाही लागते. म्हणून नवखी मुलं पठाराच्या टोकाशी असलेला उंचवटा वाचतात आणि आकडा कमी येतो. उतरणीच्या साधारण मध्यावर वाचावं.

आता वजाबाकी करा. ६६२ मधून ४७८ गेले, उरले १८४. उलट्या पावली परतणाऱ्या फोटॉनकडे उरलेली ऊर्जा ती हीच. असे फोटॉन स्फटिकाबाहेरही तयार होत असतात. चकतीतून गॅमा सगळ्या दिशांना सुटतात. काही टेबलाच्या फळीत शिरतात, तिथल्या इलेक्ट्रॉनला धडकून मागे वळतात आणि १८४ केईव्ही घेऊन डिटेक्टरमध्ये येतात. तिथे मात्र ती सगळी टाकून मोकळे होतात. हाच बॅकस्कॅटर पीक. फोटॉन अगदी सरळ मागे न फिरता १२० अंशांत वळला तरी त्याच्याकडे २२५ च उरतात. इतक्या सगळ्या कोनांची ऊर्जा एवढ्या अरुंद पट्ट्यात गोळा होते, म्हणून तिथे टेकडी उभी राहते.

त्या मुलीला मी काही समजावलं नाही. चकती दोऱ्यानं टांगून टेबलापासून लांब धरायला सांगितली. फोटोपीक जागेवर राहिला, ‘युरेनियम’ बसलं. पूर्ण गेलं नाही, कारण स्फटिकामागची काच आणि आजूबाजूच्या वस्तू काही फोटॉन परतवतच असतात. मग चकतीमागे लाकडाचा ठोकळा ठेवला, टेकडी पुन्हा वर आली. शिशाची वीट ठेवली तर अजून वाढेल असं तिला वाटलं होतं. झालं उलटच : लाकडाच्या मानानं टेकडी खुजी राहिली आणि ७५ च्या आसपास नवंच टोक उगवलं. शिसं मागे फिरणारे फोटॉन स्वतःच गिळतं आणि त्याबदल्यात आपले क्ष-किरण सोडतं. शेवटी सीझियम काढून कोबाल्ट-६० ठेवलं. टेकडी २१० च्या आसपास सरकली. युरेनियमची रेषा सोर्स बदलला म्हणून जागा बदलत नाही.

राहिले एस्केप पीक. ते सीझियममध्ये शोधून सापडत नाहीत, कारण त्यांना किमान १०२२ केईव्हीची ऊर्जा लागते, आणि नीट दिसायला त्याहून बरीच जास्त. पुढच्या आठवड्यात तिनंच आजोबांच्या पेट्रोमॅक्सची जुनी जाळी आणली. अशा जुन्या जाळ्यांत थोरियम असतं आणि त्याच्या वंशावळीतल्या थॅलियम-२०८ चा गॅमा २६१४ चा. एवढ्या ताकदीचा फोटॉन अणुकेंद्राजवळ नाहीसा होऊन इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी देतो. पॉझिट्रॉन थांबताच एखाद्या इलेक्ट्रॉनसह संपतो आणि ५११ चे दोन फोटॉन विरुद्ध दिशांना सुटतात. दोन्ही स्फटिकात अडकले तर हिशेब पुरा, २६१४. एक निसटला तर २१०३. दोन्ही निसटले तर १५९२. स्फटिक जितका लहान, तितकी ही गळती जास्त.

रात्रभर मोजणी चालू ठेवली. सकाळी २६१४ चा बुटका डोंगर होता आणि त्याच्या डावीकडे दोन पसरट फुगवटे. तिनं पट्टी लावून अंतरं मोजली, दोन्ही ५११ च्या जवळपास आली. तरी १५९२ च्या फुगवट्यावर मी तिला सही दिली नाही. त्याच वंशावळीतल्या ॲक्टिनियम-२२८ ची १५८८ ची खरी रेषा तिथेच, अगदी खेटून आहे. आमच्या स्फटिकाला चार केईव्हीचा फरक दिसणं शक्य नाही. त्याला जर्मेनियमचा डिटेक्टर हवा, द्रव नायट्रोजनमध्ये गारठवलेला, आणि तो आमच्या कॉलेजात नाही. तिनं जर्नलमध्ये लिहिलं : ‘२१०३ — एस्केप. १५९२ — एस्केप अधिक ॲक्टिनियम, वेगळं करता आलं नाही.’ त्यावर सही केली.