दहा वेळा विकलन, एकही पायरी न चढता

x² cos x या फलाचा शून्यापाशी दहावा विकलज काढा. हा प्रश्न फळ्यावर लिहिला की वर्गाचे दोन तट पडतात. एक तट लगेच मान खाली घालून विकलन करू लागतो. दुसरा तट फळ्याकडे बघत बसतो, कारण एवढा कुटाणा कुणी खरोखर करायला सांगेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. माझा कल दुसऱ्यांकडे आहे. या प्रश्नात आळसाला थोडा मान आहे.

पहिल्या तटाचं काम कसं चालतं ते पाहू. गुणाकाराचा नियम लावला की पहिला विकलज मिळतो:

2x cos x − x² sin x

दुसऱ्या पायरीवर तो असा होतो:

2 cos x − 4x sin x − x² cos x

तिसऱ्या पायरीवर:

−6 sin x − 6x cos x + x² sin x

इथपर्यंत ठीक आहे. पण अजून सात पायऱ्या उरल्या आहेत. प्रत्येक वेळी साइन आणि कोसाइन जागा बदलतात, चिन्हं उलटतात, सहगुणक वाढत जातात. पाचव्या पायरीवर एक वजा निसटला तरी पुढची सगळी पानं वाया, आणि गंमत म्हणजे तो कुठे निसटला हे शेवटच्या उत्तराकडे बघून अजिबात कळत नाही.

आता दुसरी वाट. कोसाइनची अनंत श्रेणी बहुतेकांना पाठ असते:

cos x = 1 − x²/2! + x⁴/4! − x⁶/6! + x⁸/8! − …

चौदाव्या शतकात केरळातल्या संगमग्रामच्या माधवाला ही श्रेणी ठाऊक होती. तिची उपपत्ती सोळाव्या शतकात ज्येष्ठदेवाने ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात मांडली. युरोपात न्यूटनच्या १६६९च्या लेखनात ती भेटते. कुठल्याही फलासाठी अशी श्रेणी लिहिण्याचा सर्वसाधारण नियम ब्रूक टेलर यांच्या १७१५च्या ग्रंथात छापला गेला, म्हणून नाव टेलरचं पडलं. आपल्याला आज त्या नियमाची उलटी बाजू हवी आहे. टेलरचा नियम विकलजांवरून सहगुणक सांगतो. आपल्या हातात सहगुणक आधीच आहेत, त्यांवरून विकलज वाचायचा आहे.

समजा एखादं फल a₀ + a₁x + a₂x² + … असं लिहिलं आहे आणि त्याचं दहा वेळा विकलन केलं. प्रत्येक विकलनात x चा घात एकाने कमी होतो. म्हणून दहापेक्षा लहान घातांची पदं वाटेतच संपतात, त्यांचं शून्य होतं. दहापेक्षा मोठ्या घातांच्या पदांत दहा विकलनांनंतरही निदान एक x शिल्लक राहतो, आणि x च्या जागी शून्य ठेवलं की तीही जातात. उरतं एकटं a₁₀x¹⁰. त्याचा घात १०, ९, ८ असा एकेक करून खाली उतरताना गुणक म्हणून पुढे येतो आणि शेवटी 10!·a₁₀ एवढंच राहतं. थोडक्यात, दहावा विकलज हवा असेल तर श्रेणीतल्या x¹⁰ च्या सहगुणकाला दहाच्या क्रमगुणिताने गुणायचं. बाकी श्रेणीकडे बघायचंही कारण नाही.

आपल्या फलात कोसाइनला x² ने गुणलं आहे. त्याने श्रेणीचं काही बिघडत नाही, प्रत्येक पद दोन घरं पुढे सरकतं एवढंच:

x² cos x = x² − x⁴/2! + x⁶/4! − x⁸/6! + x¹⁰/8! − …

दहाव्या घरात आता कोसाइनचं आठव्या घरातलं पद आलं आहे. त्याचा सहगुणक +1/8!, म्हणून उत्तर 10!/8!. इथे ३६,२८,८०० ला ४०,३२० ने भागत बसू नये. दहाच्या क्रमगुणितात आठचं क्रमगुणित दडलेलंच आहे, ते कापलं की 10 × 9 राहतं. दहावा विकलज ९०.

खातरजमा करायची तर लाइब्निझचा नियम आहे. x² चे पहिले दोन विकलज सोडले तर पुढचे सगळे शून्य, म्हणून दहाव्या विकलजात तीनच पदं येतात:

−x² cos x − 20x sin x + 90 cos x

x शून्य ठेवा, ९० मिळतात. खरं सांगायचं तर या प्रश्नापुरता हा नियम श्रेणीइतकाच झटपट आहे, आणि त्याने एक जास्तीची गोष्टही मिळते: x कुठलाही असो, दहावा विकलज हातात येतो. शून्याभोवतीच्या श्रेणीचे सहगुणक मात्र फक्त शून्यापाशीच बोलतात. π पाशी विकलज हवा असेल तर श्रेणी π भोवती नव्याने मांडावी लागते.

पण फल थोडं बदला, x² cos(x²) घ्या. आता लाइब्निझचा नियम लावायचा तर cos(x²) चा आठवा विकलज लागतो, आणि तो काढताना कागद पुरत नाही. श्रेणीला काही फरक पडत नाही. कोसाइनच्या श्रेणीत x च्या जागी x² ठेवा, मग x² ने गुणा:

x² − x⁶/2! + x¹⁰/4! − …

उत्तर 10!/4!, म्हणजे १,५१,२००. आणि x² cos(x³) घेतलं तर? पदं x², x⁸, x¹⁴ अशी उड्या मारत जातात, दहावं घर रिकामं राहतं. विकलज शून्य, एक ओळही न लिहिता.

या पद्धतीत चुका होत नाहीत असं नाही, पण त्या आपला माग ठेवतात. उत्तर −1 आलं तर विद्यार्थ्याने x² विसरून कोसाइनचंच दहावं पद उचललं आहे. 1 आलं तर पद बरोबर घेतलं, पण गुणलं दहाऐवजी आठच्या क्रमगुणिताने. 1/40320 लिहिलं असेल तर तो सहगुणकावरच थांबला. −90 म्हणजे चिन्हं मोजताना एक घर चुकलं. उत्तरपत्रिका तपासताना मला हे फार उपयोगी पडतं, नुसत्या उत्तरावरून चूक कळते.

एक अट मात्र आहे. फल शून्याभोवती खरोखरच त्या श्रेणीइतकं असलं पाहिजे. कोसाइनची श्रेणी प्रत्येक x साठी कोसाइनइतकीच भरते, त्यामुळे इथे चिंता नाही. सगळीच फलं इतकी सरळ नसतात. e^(−1/x²) हे फल घ्या आणि शून्यापाशी त्याची किंमत शून्य ठेवा. त्याचे सगळे विकलज शून्यापाशी शून्यच येतात. म्हणजे त्याच्या टेलर श्रेणीत काहीच नाही, आणि तरी x शून्य नसेल तिथे फल शून्य नाही. कोशीने हे उदाहरण देऊन श्रेणीवर आंधळा भरवसा ठेवणाऱ्यांना जागं केलं होतं.

चहा संपायच्या आत करून बघायचं असेल तर x³ sin x चा शून्यापाशी दहावा विकलज काढा. साइनची श्रेणी x − x³/3! + x⁵/5! − x⁷/7! + … अशी आहे. उत्तर −७२० यायला हवं. +७२० आलं, तर चिन्हं पुन्हा मोजा.