कीमॅन विमा: पैसा फर्मचा, करही फर्मचाच

भागीदारी फर्ममधला एक भागीदार अचानक जातो. काही महिन्यांनी विमा कंपनीकडून फर्मच्या बँक खात्यात मोठी रक्कम येते. पॉलिसी त्याच्याच आयुष्यावर काढलेली असल्यामुळे घरच्यांना वाटते, हा पैसा आपला. उरलेल्या भागीदारांना वाटते, हप्ते फर्मने भरले, तेव्हा पैसा फर्मचा. शिवाय आयुर्विम्याच्या पैशावर कर नसतो, अशी दोन्ही बाजूंची खात्री असते. कराबाबतचा हा समज चुकीचा आहे, आणि पैसा कोणाचा याचे उत्तर पॉलिसीच्या कागदात आणि भागीदारी करारनाम्यात शोधावे लागते. कीमॅन विम्याच्या हिशेबातले बहुतेक घोळ या दोन ठिकाणी होतात.

ज्या माणसावाचून धंदा अडतो, त्याच्या आयुष्यावर धंद्याने काढलेला विमा म्हणजे कीमॅन विमा. आयकर कायदा 1961 च्या कलम 10(10D) मध्ये त्याची व्याख्या आहे: एका व्यक्तीने दुसऱ्या अशा व्यक्तीच्या आयुष्यावर घेतलेली पॉलिसी, जी तिची कर्मचारी आहे वा होती, किंवा तिच्या धंद्याशी कोणत्याही प्रकारे संबंधित आहे वा होती. यातला ‘दुसऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. एकल मालकीच्या दुकानदाराला स्वतःच्याच आयुष्यावर कीमॅन पॉलिसी काढता येत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो आणि त्याचे दुकान एकच. भागीदाराचे तसे नाही. आयकरासाठी फर्म हा वेगळा करदाता आहे, म्हणून फर्म भागीदाराच्या आयुष्यावर पॉलिसी घेऊ शकते. तिचा हप्ता धंद्याचा खर्च म्हणून वजा होतो, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये बी. एन. एक्स्पोर्ट्सच्या प्रकरणात मान्य केले. त्याआधी 1998 च्या परिपत्रक क्रमांक 762 मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही कीमॅन हप्ता धंद्याचा खर्च असल्याचे म्हटले होते.

या सवलतीची दुसरी बाजू कलम 28(vi) मध्ये आहे. कीमॅन पॉलिसीखाली मिळालेली रक्कम, बोनससह, धंद्याचे उत्पन्न समजली जाते. एरवी आयुर्विम्याच्या पैशाला 10(10D) खाली जी करमाफी मिळते, तीतून कीमॅन पॉलिसी वगळलेली आहे. हप्ता भरताना कर वाचला असेल, तर पैसे मिळताना कर भरावा लागतो. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. खालची दोन्ही उदाहरणे त्याआधीच्या आर्थिक वर्षांतली आहेत, म्हणून जुनेच क्रमांक वापरले आहेत.

आता नोंदी पाहू. एक काल्पनिक फाउंड्री घेऊ. तीन भागीदार, नफ्याची वाटणी 40, 30 आणि 30 टक्के. चाळीस टक्क्यांचा भागीदार वितळणाऱ्या धातूचे गणित जाणणारा. त्याच्यावर फर्मने दोन पॉलिसी घेतल्या: 2004 मध्ये एक एन्डोमेंट पॉलिसी आणि अलीकडे एक टर्म पॉलिसी. हा फरक मुद्दाम ठेवला आहे. 2005 मध्ये विमा नियामकाने कीमॅन विमा फक्त शुद्ध टर्म पॉलिसीच्या रूपात देण्याचे बंधन घातले. टर्म पॉलिसीत मुदत संपली की काहीच मिळत नाही. त्यामुळे ‘मुदतपूर्तीची नोंद’ हा प्रश्न प्रामुख्याने त्याआधीच्या जुन्या पॉलिसींचा आहे.

हप्त्याची नोंद सोपी आहे. ‘कीमॅन विमा हप्ता खाते’ नावे आणि ‘बँक खाते’ जमा. वर्षाअखेरीस हप्त्याची रक्कम नफा-तोटा पत्रकाला नावे जाते. हे खाते भागीदाराच्या उचल खात्यात मिसळू नये. त्याने घरासाठी काढलेल्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता फर्मने भरला, तर ती उचलच असते, फर्मचा खर्च नव्हे. कागदावरून हे ओळखता येते: कीमॅन पॉलिसीत मालक म्हणून फर्मचे नाव असते आणि पैसा फर्मलाच मिळायचा असतो.

एन्डोमेंट पॉलिसीच्या हप्त्यात बचतीचा भाग असतो, म्हणून काही फर्म तो खर्च न दाखवता ताळेबंदात ‘कीमॅन पॉलिसी’ ही मालमत्ता म्हणून दाखवतात. पुस्तकात असे दाखवूनही कराच्या गणनापत्रात हप्ता वजा मागता येतो. पण मग पुस्तक आणि कराची गणना या दोन वेगळ्या वाटा होतात आणि पॉलिसी संपेपर्यंत दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते. घोळ नेमका इथे होतो.

आपल्या फाउंड्रीने डिसेंबर 2004 पासून दरवर्षी 1 लाख रुपये असे 20 हप्ते भरले, म्हणजे 20 लाख, आणि हे सगळे मालमत्ता खात्यात साठवले. करासाठी मात्र दरवर्षी 1 लाखाची वजावट घेतली. डिसेंबर 2024 मध्ये पॉलिसीची मुदत पूर्ण झाली आणि बोनससह 38 लाख देय झाले. विमा कंपनीने कलम 194DA खाली, मिळणाऱ्या रकमेतून भरलेले हप्ते वजा करून उरलेल्या 18 लाखांवर 2 टक्के टीडीएस कापला, म्हणजे 36,000 रुपये. नोंद अशी: ‘बँक खाते’ नावे 37,64,000, ‘टीडीएस येणे खाते’ नावे 36,000, आणि ‘कीमॅन पॉलिसी खाते’ जमा 38,00,000. पॉलिसी खात्यात नावे बाजूला 20 लाख होते, म्हणून 18 लाख शिल्लक राहिले आणि ते नफा-तोटा पत्रकाला जमा झाले.

इथे पुस्तकातला नफा 18 लाख आहे आणि करपात्र रक्कम 38 लाख. हप्त्यांची वजावट वीस वर्षे घेऊन झाली आहे, ती पुन्हा मिळणार नाही. गणनापत्रात पुस्तकी नफ्यात 20 लाख मिळवले नाहीत, तर विवरणपत्र चुकते. टीडीएसही 18 लाखांवरच कापलेला असल्याने ही चूक सहज डोळ्यांआड होते. फर्मच्या 30 टक्के दराने, 4 टक्के उपकर धरून, 38 लाखांवर 11,85,600 रुपये कर बसतो (फर्मचे एकूण उत्पन्न 1 कोटीच्या आत आणि अधिभार नाही असे धरून). कापले गेले फक्त 36,000. बाकीचा कर फर्मने स्वतः, आगाऊ कराच्या हप्त्यांतून भरायचा असतो. मुदतपूर्तीची तारीख वीस वर्षे आधीच ठाऊक असते, म्हणून ही रक्कम जूनच्या पहिल्या हप्त्यापासून अंदाजात धरावी, नाहीतर व्याज लागते.

जी फर्म सुरुवातीपासून हप्ता खर्चात टाकते, तिच्या पुस्तकात पूर्ण 38 लाख उत्पन्न दिसते आणि कराचा आकडाही तोच असतो. लहान फर्मसाठी मला हीच पद्धत बरी वाटते. वीस वर्षांत हिशेबनीस बदलतो, सीए बदलतो, आणि मालमत्ता खात्यामागची गोष्ट कोणाच्या लक्षात राहत नाही.

एके काळी कर टाळण्यासाठी मुदतपूर्तीच्या आधी पॉलिसी भागीदाराच्या किंवा संचालकाच्या नावे करून दिली जाई. नाव बदलले की ती साधी पॉलिसी झाली आणि पैसा करमुक्त, असा दावा होता. वित्त अधिनियम 2013 ने हा मार्ग बंद केला. मुदतीत कोणाच्याही नावे केली, मोबदला घेऊन वा न घेता, तरी ती कीमॅन पॉलिसीच राहते. एजंटने आजही हा सल्ला दिला, तर तो नाकारावा.

आता मृत्यूची नोंद. 12 ऑगस्ट 2025 रोजी तो भागीदार वारला असे धरू. टर्म पॉलिसी 50 लाखांची आहे, वर्षाला 30,000 प्रमाणे पाच हप्ते भरले आहेत. दावा मंजूर झाल्यावर ‘कीमॅन विमा दावा येणे खाते’ नावे आणि ‘कीमॅन विमा उत्पन्न खाते’ जमा, 50 लाख. नोव्हेंबरमध्ये पैसे आले तेव्हा हप्त्यांचे दीड लाख वजा जाता 48.5 लाखांवर 2 टक्के, म्हणजे 97,000 टीडीएस कापला गेला. त्यामुळे ‘बँक खाते’ नावे 49,03,000, ‘टीडीएस येणे खाते’ नावे 97,000, आणि ‘दावा येणे खाते’ जमा 50 लाख. मृत्यूचा दावा असला तरी करमाफी नाही. आधीच्याच गृहीतकावर 50 लाखांवरचा कर 15,60,000 होतो आणि फर्मच्या हाती 34,40,000 राहतात.

हे 34.40 लाख कोणाच्या भांडवल खात्यात जातात? भागीदारीच्या रूढ हिशेबाप्रमाणे मृत भागीदारासह सर्वांना नफ्याच्या प्रमाणात: दिवंगताच्या खात्यात 13,76,000 आणि उरलेल्या दोघांना प्रत्येकी 10,32,000. पण करारनाम्यात ‘कीमॅन विम्याची रक्कम धंद्याच्या नुकसानीपोटी फर्ममध्येच राहील’ असे लिहिले असेल, तर दोघांना प्रत्येकी 17,20,000 आणि दिवंगताच्या खात्यात शून्य. एका वाक्याने वारसांचे पावणेचौदा लाखांच्या वर हलतात. करारनामा गप्प असेल, तर भांडण ठरलेले.

वारसांच्या हिश्शाची रक्कम, भांडवल आणि मृत्यूच्या दिवसापर्यंतचा नफा भागीदाराच्या भांडवल खात्यातून ‘वारसांचे कर्ज खाते’ या नावाने हलवतात आणि तिथून फेडतात. फर्मने कर भरलेला असल्याने नफ्याच्या हिश्शावर वारसांना पुन्हा कर नाही. हिशेब न मिटवता धंदा चालूच ठेवला आणि करारात वेगळे काही नसेल, तर भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम 37 प्रमाणे वारस आपल्या निवडीने त्या रकमेच्या वापरातून झालेल्या नफ्याचा हिस्सा किंवा 6 टक्के व्याज मागू शकतात. विमा एखाद्या कर्मचाऱ्यावर असेल, तर वारसांचा फर्मच्या रकमेवर हिस्सा नसतो. फर्मने स्वखुशीने मदत केली, तर ती वेगळी नोंद.

ज्या फर्ममध्ये कीमॅन पॉलिसी आहे, तिथल्या भागीदारांनी या आठवड्यात तीन कागद काढून पाहावेत: पॉलिसीवर मालक कोण आहे, ताळेबंदात पॉलिसी मालमत्ता म्हणून उभी आहे का, आणि करारनाम्यात या रकमेच्या वाटणीचे कलम आहे का. कलम नसेल, तर सर्वजण हयात असतानाच पुरवणी करारनामा करून घ्या, आणि हा पैसा थेट घरी येणार नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगा. कुटुंबासाठी वेगळी वैयक्तिक पॉलिसी लागते. कीमॅन विमा ती जागा घेऊ शकत नाही.